सरांनी नाही म्हणावं म्हणून

दहावीच्या वर्षी ऐन थंडीत बाबांनी शिखरजीच्या यात्रेच्या बसमध्ये आमची नावं घातली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहामाहीत मी गणितात नापास झाले होते. बोर्डातही तेच झालं तर शिक्षण बंद आणि स्थळं बघणं सुरू, असं घरात बजावून झालं होतं. कामरगावात गणिताची शिकवणी एकच. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून आम्ही चार जैन दुकानदारांच्या मुली हायस्कूलमधल्या सरांच्या घरी जाऊन बसायचो.

आईनं एक फट ठेवली होती. "सर नाही म्हनले त राह्य काकूजवळ."

बाबांनी लगेच दटावलं, "इचारू नोको. यात्रेले चाललो, संध्याकाळी येनं होनार नाही, इतकंच सांगजो."

बाकीच्या मुली गेल्यावर मी तेवढंच सांगितलं, रडवेल्या तोंडानं. सरांनी फळ्यासाठी काळ्या रंगवलेल्या भिंतीकडे पाहिलं. वर्तुळावरची प्रमेयं आता सुरू होणार होती.

"तू येशीन तवा वर्तुळ संपलं असन. या पोरींले थांबवता येत नाही, त्याइचाही बोर्ड आहे. आल्यावर सकाळी शाळेच्या आधी येत जाजो, एकेक प्रमेय पुन्हा घेतो."

"सकाळी मंदिर असते सर, बाबा सोडत नाहीत. तुमीच नाही म्हना ना! म्हना, पोरगी नापास होईन."

सर बौद्ध होते. त्यांनी हातावरचा खडू झटकला.

"मी नाही म्हनलं त तुहे बाबा काय समजतीन? मास्तराले आपल्या देवाचं वावडं आहे. मंग तू एकटीच नाही, साऱ्याच पोरी बंद होतीन. यात्रेले आडवनारा मी नोको होऊ, बाई. जा तू."

मला त्यांचा भयंकर राग आला. शाळेत आडदांड पोरांना एका नजरेनं गप्प करणारा माणूस माझ्यासाठी एक शब्द बोलत नव्हता. घरी बाबांनी विचारलं, "काय म्हनले?" मी म्हटलं, "जा म्हनले." आईनं माझे कपडे वळकटीत घातले.

निघायच्या दिवशी हार-नारळ घेऊन गाव लोटलं. सरही आले, त्यांनी बाबांना हार घातला. बाबांना भरून आलं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, आपल्या धर्माचे नाहीत, पन पोरीले एका शब्दानं आडवलं नाही. मास्तर असा पाह्यजे!"

सर हात जोडून हसले. मी खिडकीत बसून ते हसू पाहत होते. सरांना नाही म्हणायचीच भीती होती, हे तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर परत आल्यावर शिकवणीच उरली नसती.

बस हलली, आत जयजयकार सुरू झाला. सरांवरचा राग ते हसू पाहतानाच गेला होता आणि बाबांवर तो काढायची सोय नव्हती.