मी अडवलेलं पाणी

आमच्या घरात दिवाळीचा चुना निघाला की वहिनीच्या अकलेचा विषय निघतोच. "हिना डोयामा चुना गया आनि ही पाण्याकडे गईच नही," असं थोरला भाऊ बारा वर्षं सांगत आला. पाहुण्यांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, यंदा नव्या सुनेला हसत हसत सांगितलं. वहिनी मान खाली घालून कुंचा धुवत राहते. उजव्या डोळ्यानं तिला फक्त उजेड-अंधार कळतो. मीही दर वर्षी तिथंच उभा असतो आणि दर वर्षी गप्प बसतो.

ती पाण्याकडे गेली होती.

शहाद्याकडचं आमचं गाव. घराला रंगापेक्षा चुनाच बरा, असं मानणारी आमची पिढी. कळीचा चुना पोत्यातून आणायचा, पत्र्याच्या पिंपात टाकायचा, वर पाणी ओतायचं आणि लांब उभं राहायचं. पिंप खदखदा उकळतं, वाफ येते, पत्र्याला हात लागत नाही. हे काम लहानपणापासून माझं. दगडासारखा गार चुना पाणी पडताच कसा पेटतो, ते माझ्याइतकं घरात कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याचा मला माज होता.

त्या सकाळी भाऊ शेतावर होता. मी पाणी ओतलं आणि वहिनी काठीनं ढवळायला वाकली. एक बुडबुडा फुटला. ती किंचाळली नाही. "मन्हा डोया!" एवढंच म्हणाली आणि एका हातानं चाचपडत टाकीकडे निघाली. तिनं टाकीतला तांब्या उचललासुद्धा.

मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"पानी नको! पानी टाकशी तं चुना डोयामाच उकळी जाई!"

"भाऊ, सोड, जळी ऱ्हायना," ती म्हणाली.

मी सोडला नाही. तांब्या काढून घेतला, कोरड्या फडक्यानं डोळा पुसला आणि वर एरंडेल ओतलं. शेजारच्या चार बायका जमल्या. त्यांनीही माना डोलावल्या, कारण पिंप त्यांच्याही समोर उकळत होतं. कोणाला शंका आली नाही.

मग गल्लीतल्या आजीला बोलावलं. डोळ्यातला कचरा जिभेच्या टोकानं काढण्यात ती पंचक्रोशीत नावाजलेली. तिनं वहिनीची पापणी वर केली, जीभ फिरवली आणि थुंकलीच.

"आरे बाप रे! जीभ पोळी गई मन्ही!"

तिला कोणीतरी तांब्या दिला. आजीनं तीन-चार चुळा भरल्या, खळखळून, आणि म्हणाली, "हां, आते बरं वाटस."

आज हे आठवलं की माझं डोकं फिरतं. आम्ही पाचसहा जण तिथं उभे होतो. म्हातारीची जीभ पाण्यानं गार झालेली आमच्या डोळ्यांनी पाहिली. आणि जिचा डोळा जळत होता तिच्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. कोणाच्या म्हणून कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. माझ्याही नाही. की पडला होता आणि आता कोणत्या तोंडानं सांगू म्हणून मी गप्प राहिलो? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. थोडासा पडला होता.

दुपारी मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं डोळा पाहायला मागितला नाही, काय गेलं ते विचारलं नाही. "लाल झालाय? हे टाका." मीही चुन्याचं नाव काढलं नाही. रात्रभर वहिनी भिंतीला टेकून बसून होती. सकाळी पाहिलं तर डोळ्याची लाली उतरलेली. पांढराशुभ्र डोळा. मी भावाला म्हणालो, "बघ, उतार पडना." खरोखर आनंदानं म्हणालो.

पण तिला दिसत नव्हतं. म्हणून नंदुरबारला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर एक गॅरेजवाला बसला होता, ग्राइंडरचा लोखंडी कण बुबुळात रुतलेला, आणि सोबत्यानं आगकाडीनं उकरून तो आणखी आत घातलेला. डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडत होत्या, "रुतलेल्याला हात लावायचा नाही, चोळायचं नाही, वरून काहीतरी झाकायचं आणि सरळ यायचं! कचरा नुसता पडला असेल तर पाण्यानं धुवा, दोनचार वेळा डोळे मिटा-उघडा. नाही निघाला तर इथं या. आगकाडी कसली घालता?" पण "चुना" हा शब्द ऐकताच त्यांनी त्याला तिथंच सोडलं आणि वहिनीला आत घेतलं.

आधी बधिर करणारे थेंब. मग चुन्याचा अंश दाखवणारी एक कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवली. तिचा बदललेला रंग पाहताच त्यांनी सलाईनची बाटली टांगायला सांगितली. नळीनं डोळ्यावर धार धरली. एक संपली, दुसरी लावली, तिसरी लावली. मध्येच वरची पापणी काडीवर उलटी केली आणि ओल्या कापसानं आतून चुन्याचे पांढरे खडे काढले. दुसऱ्या दिवशीही ते तिथं होते. तिथंच बसून जाळत होते. पट्टी पुन्हा लावली, थोडं थांबून पुन्हा लावली.

"घरी पाणी किती वेळ मारलं?" बाईंनी विचारलं.

मी खाली पाहिलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं, आणि म्हणाली, "नही मारं. सुचनं नही माले."

"पाणी मारलं तर चुना उकळतो ना?" मी विचारलं, जसं काही कोणा तिसऱ्याचं मत सांगतोय.

"पिंपात चुना फार आणि पाणी कमी, म्हणून तापतो. डोळ्यावर धार धरली की तो वाहून जातो. आणि डोळ्यात आसवं असतातच ना? तो तर पहिल्या क्षणापासून उकळतच होता! नळाचं, माठाचं, हाताशी असेल ते स्वच्छ पाणी, पापण्या उघड्या धरून, तिथल्या तिथं अर्धा तास. मग वाटेतही धार चालू ठेवून इकडे. लाली गेली म्हणता? ती बरी होऊन गेली नाही. रक्तवाहिन्या जळाल्या की डोळा असा पांढरा पडतो."

दुसऱ्याचा पाणउतारा ऐकावा तसा मी ऐकून घेतला. वहिनीनं थेंब घातले, महिनोन्‌महिने फेऱ्या मारल्या, पण बुबुळावर पांढरट पडदा धरलाच.

संताप कुणाकुणाचा करू? चुन्याच्या पोत्यावर एक ओळ न लिहिणाऱ्याचा, न पाहता थेंब देणाऱ्याचा, सोसलं म्हणून बाईला शहाणी आणि आंधळी झाली म्हणून बावळट ठरवणाऱ्या आमच्या गल्लीचा? करतो. पण दवाखान्यात भावासमोर तिनं माझ्यासाठी बोललेल्या त्या एका वाक्याआड बारा वर्षं जो लपून राहिला, त्याच्यापुढे हे सगळे लहान आहेत.

यंदा नवी सून हसली तेव्हा ते सहन झालं नाही. "ती टाकीपर्यंत गेलती. तांब्या मी हिसकाडा," मी बोललो. भावाच्या हातातला कुंचा तसाच राहिला. वहिनी बोलली.

"बारा वरीस लाग्यात तुले."

"चुकलं, वहिनी."

"माले नको सांगू, माले म्हाईत शे. मन्ही अक्कल ठिकाणावर व्हती, हाई बठास्ले सांग. ज्यास्ले ज्यास्ले यानी सांगं, त्यास्ले."

म्हणून भावानं ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना खरं सांगत घरोघरी फिरतोय. काही जण म्हणाले, जाऊ दे, जुनी गोष्ट. त्यांचाच जास्त राग आला. काल कोरीटला तिच्या माहेरी गेलो. तिच्या भावानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"टाकीथून ती कितली लांब व्हती?"

"लांब नही. तांब्या हातमाच व्हता."

तो उठून आत गेला. मी ओसरीवर बराच वेळ बसलो. चहा आला नाही. यायलाही नको होता.