मंगल कार्यालयाची तारीख

त्या वैशाखात अकोल्याला पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी निघू लागले. पहिले दोघे कापूस बाजाराच्या मागच्या वस्तीतले. तिसरी आमच्याच गल्लीतली, चार घरं सोडून राहणारी बाई. सकाळी ती नळावर माझ्या बायकोशी बोलत उभी होती आणि दिवस मावळायच्या आत तिला चादरीत गुंडाळून नेलं. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. त्या दिवसापासून घरात उकळल्याशिवाय पाणी कोणी तोंडाला लावलं नाही. उकळलेलं पाणी पितानाही मी पेल्यात वाकून बघायचो.

मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी. सभासद म्हणजे कारकून, मास्तर, तलाठी अशी नोकरदार माणसं. कोणी कुणबी, कोणी माळी, दोन-तीन ब्राह्मण, आणि आम्ही काही बौद्ध घरं. गावाबाहेर जमीन मिळाली होती. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटायचे आणि मग बायकापोरांसह सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी स्टेशनच्या बाजूचं मंगल कार्यालय घेतलं होतं. इसार आमच्या अध्यक्षांनी स्वतः नेऊन दिला होता. ते निवृत्त हेडमास्तर, सारे त्यांना गुरुजी म्हणत.

गल्लीतली बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेलो.

"गुरुजी, कार्यक्रम पुढं ढकलला पायजे."

"अन् इसार?" त्यांनी पावती काढून मागची बारीक छापलेली ओळ बोटानं दाखवली. महिन्याच्या आत रद्द केलं तर आगाऊ रक्कम परत नाही. "लोकांनी पोटाले चिमटा घेऊन वर्गणी देली हाये. बुडाली तर त्याईले तोंड कोन दाखवीन? तुमी?"

पण शंभर-सव्वाशे माणसं कार्यालयातल्या एकाच टाकीचं पाणी पिऊन पंगतीला बसलेली माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यात लेकरं होती. शेवटी कमिटीची सभा बोलावली. बराच आरडाओरडा झाला. ठराव झाला तो असा, की कार्यक्रम दिवाळीनंतर करावा आणि तोच इसार नव्या तारखेला धरावा, अशी कार्यालयाला विनंती करावी. सेक्रेटरीनं ती घेऊन जावं. आचाऱ्याचं काम सोपं निघालं. तो अचलपूरचा. त्याला निरोप गेला तर त्यानंच कळवलं, किराणा अजून भरला नाही, इसार राहू द्या, दिवाळीनंतर येतो. खरं तर त्याच्याच जिवावर आलं होतं.

अर्ज आणि ठरावाची नक्कल खिशात घालून मी कार्यालयाकडे निघालो. रस्त्यावर नगरपालिकेची माणसं विहिरीत लाल दवा टाकत होती. दुसरीही एक धास्ती होती, ती मी गुरुजींना सांगितली नव्हती. पहिल्या वेळी गुरुजी गेले होते. सोसायटीत कोण कोण आहे हे कोणी विचारलं नव्हतं. आता अर्जाखाली माझी सही होती, माझ्या आडनावासकट. आम्ही धर्म बदलून काहीच वर्षं झाली होती, आणि गावात आडनाव ऐकून हॉल 'आधीच दिलेला' निघाल्याचे अनुभव माझ्या नातलगांना होते.

कार्यालयाचा कारभार बघणाऱ्या माणसाला सगळे दिवाणजी म्हणत. जाडसर, कानात अत्तराचा फाया. त्यांनी अर्ज वाचला, ठरावाची नक्कल वाचली, शिक्का बघितला, सहीवर थोडे थांबले.

"तारीख बदलून देनं माह्या हातात नाई," ते म्हणाले. "मालकीनबाईची परवानगी लागते. त्या धामनगावले राह्यतात. पन एक गोष्ट आहे. तुमी सोडलेल्या तारखेले दुसरी पार्टी भेटली, तर बाई नाई म्हनत नाईत. कार्यालय रिकामं राह्यलं नाई, तर त्याईचं काय जाते?"

"अन् पार्टी भेटली नाई तर?"

"तर इसार गेला."

तेवढ्यात दारात एक मध्यम वयाचे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, घामानं भिजलेला सदरा. हिवरखेडहून एसटीनं आलेले. मुलीचं लग्न होतं. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, वऱ्हाडाला पाणी कुठून पाजायचं म्हणून शहरात कार्यालय शोधत होते. दोन कार्यालयांनी नकार दिला होता. त्यांना हवी होती ती नेमकी आमची तारीख.

दिवाणजींचा चेहरा उजळला. "बसा, बसा. नशीबवान आहा. हे साहेब आत्ताच तारीख सोडून राह्यले."

त्या माणसानं माझ्याकडे पाहून हात जोडले. "लय उपकार झाले, भाऊ. पोरीचं लगन अडकलं होतं."

दिवाणजींनी कोरं पावती-पुस्तक उघडलं. आमचा इसार वाचत होता. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. दिवाणजींनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, त्याचा अर्थ मला कळला. हिवरखेडला बहुतेक अजून पटकीचा पत्ता नव्हता. हा माणूस आपली मुलगी, नवरदेव, दोन्हीकडची म्हातारीकोतारी आणि लेकरं घेऊन याच टाकीवर येणार होता, ज्या टाकीच्या भीतीनं आम्ही पळत होतो.

मी त्या माणसाकडे वळलो.

"भाऊ, आमी तारीख काहून सोडली ते इचारा."

"काहून?"

"गावात पटकी हाये. आमच्या गल्लीतली बाई मागच्या हप्त्यात गेली. म्हनून आमी पंगत रद्द केली."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते उपकाराचं नव्हतं. "मंग मी काय करू?" तो मोठ्यानं म्हणाला. "पत्रिका वाटून झाल्या. घरी पानी नाई. तुमाले सांगाले सोपं हाये!" मग दिवाणजींकडे वळला. "अन् तुमी हे मले सांगत नव्हते?"

"अफवा आहेत," दिवाणजी म्हणाले. "दोन-चार रोगी कोनत्या गावात नसतात?"

पण तो उठला होता. दारातून पुन्हा वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं. टोपी सारखी करून निघून गेला.

दिवाणजींनी पावती-पुस्तक मिटलं. "आता अर्ज घरी घेऊन जा," ते शांतपणे म्हणाले, आणि ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं. "इसार इसरा. अन् माह्या कार्यालयाची बदनामी केल्याचं मी बाईले कळवतो. तुमच्या आडनावासकट."

कचेरीत काम सुचेना. सरकारी नोकर होतो; कोणी वरिष्ठांकडे तक्रार केली, अफवा पसरवतो म्हणून, तर? घरी बायकोला काही सांगितलं नाही. गुरुजींना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो.

"दिवाणजीची चिठ्ठी पोचायच्या आत आपन पोचू," ते म्हणाले. "उद्या सकाळची पॅसेंजर."

धामणगावची तिकिटं काढून आम्ही गाडीत बसलो. बडनेऱ्याला गुरुजींनी सुराहीवाल्याकडून पाणी घेतलं आणि मी इतक्या जोरात "नका पिऊ" म्हणालो की डब्यातली माणसं बघू लागली. त्यांनी पाणी खिडकीतून ओतून दिलं.

मालकीणबाईंचा जीन, कापसातून सरकी काढायचा कारखाना, स्टेशनजवळच होता. नवऱ्यामागे जीन आणि कार्यालय त्याच बघत. पन्नाशीच्या पुढच्या, पांढरं लुगडं, समोर सरकीचे नमुने पसरलेले. दिवाणजींचा निरोप आमच्याआधीच पोचला होता, कोणाच्या तरी हातून. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही.

"त्या पोरीच्या बापाले तुमीच सांगितलं?"

गुरुजी बोलायला गेले. मी त्यांच्याआधी "हो" म्हणालो. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

"टाकीत दवा टाकली का नाई आमच्या मानसानं?"

"मी पाह्यली नाई."

बाईंनी समोरची मूठभर सरकी उचलून परत टाकली. "दहा लोकं माह्या कार्यालयात जेवून मेले असते, तर त्या हॉलात पुन्हा कोनी लगन लावलं असतं का?" हे त्यांनी कोणाला विचारलं ते कळलं नाही. मग अर्ज मागितला. वाचताना सहीपाशी त्याही थांबल्या. मला वाटलं, झालं.

"तुमच्या सोसायटीत सगळ्या जातीचे लोक आहेत?"

"हो."

"जेवाले एकाच पंगतीत बसनार?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगून पाहावं असं मनात येऊन गेलं असेल त्यांच्या. मी म्हणालो, "एकाच."

"मंग वाढपी जास्त लागतीन," बाई म्हणाल्या. "एकदम सगळे बसवता तर अन्न थंडं होते." आणि त्यांनी पेन घेतला.

मूळ पावतीवरच त्यांनी नवी तारीख लिहून खाली सही केली. अट सांगितली: हा बदल एकदाच. ही तारीखही चुकली तर इसार गेला, मग पटकी येवो की पूर. दिवाळीनंतर भाडं वाढलं तर वरचे पैसे सोसायटीनं भरायचे. दिवाबत्तीचे आधी घेतलेले पैसे मात्र मिळणार नाहीत, कारण दिवाबत्तीवाल्याला ते देऊन झाले होते. आम्ही सगळ्याला हो म्हणालो. बाहेर आल्यावर गुरुजी जिनाच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि पावतीवरची नवी तारीख त्यांनी तीनदा वाचली. दोन दिवस मी समजत होतो की एकटा मीच घाबरलोय.

आठवड्याभरानं नगरपालिकेनं सार्वजनिक पंगतींवर बंदी घातली. पटकी पावसाळ्यापर्यंत रेंगाळली. आमच्या सभासदांपैकी एकाचा धाकटा भाऊ गेला. आम्हाला मुलगी झाली, ठणठणीत. तेल्हाऱ्याकडच्या एका तलाठ्यानं पुढे सांगितलं, हिवरखेडचं ते लग्न शेजारच्या मळ्यात लागलं, पाणी बैलगाडीनं आणून. लोक थोडेच होते. मुलीच्या बापाला मी कोण ते कळलं नाही, आणि त्यानं मला माफ केलं की नाही हे मलाही कळलं नाही.

कार्तिकात चिठ्ठ्या निघाल्या. दिवाणजी कार्यालयाच्या दारात होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण टाकीत दवा टाकलेली होती. पाण्याला वास येतो म्हणून बायकांनी कुरकुर केली. सगळे एकाच पंगतीत बसले, वाढपी पळत होते. माझी बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पाण्याचा पेला उचलला तेव्हा तो तिच्या ओठांना लागेपर्यंत माझा हात घासासकट तसाच वर राहिला होता.