बायनामावशीची मऊ गादी

सिरसाळ्यात माझं गाद्यांचं दुकान. गादीची जाहिरात मी मोबाइलवर टाकतो ती स्वतः लिहून, सरळ मराठीत. कंपनीची फुलं-पाखरं मला जमत न्हाईत. ऊसतोडीला जाणाऱ्या अंगदनं जी गादी निवडली, तिच्या फोटोखाली लिहिलेलं होतं: ‘मेमरी फोम, आठ इंच. कडकपणा दहापैकी तीन, म्हणजे मऊ. अंगाच्या उबेनं खचते. कंबरदुखीवाल्यांनी सात कडकपणाची, दाबलेल्या फोमची पाच इंची घ्यावी. तीस रात्री झोपून बघा, न पटल्यास कंपनी परत नेईल. डाग पडला तर नेणार न्हाई.’

आता याहून सोपं काय लिहावं माणसानं? तरी अंगदनं मऊच घेतली. त्याची आई बायनामावशी, उभा जन्म उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिलेली, फडात पाचटावर झोपलेली. आता कंबर गेलेली. मी त्याला दोनदा सांगितलं, कडक घे. तो म्हणाला, आईनं आजवर मऊ असं काही बघितलंच न्हाई. गादी आईच्या पलंगावर टाकून अंगद अन् त्याची बायको त्याच दिवशी ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेले.

आठ-दहा दिवसांनी मावशीच्या शेजारची सत्यशीला दुकानात आली. म्हणाली, मावशी गादीत रुतती. हात टेकवावा तर हातबी आत जातो. मी जाऊन ओढून काढते तवा उठती.

मी लगेच कंपनीला फोन लावला. मुदत शिल्लक होती. नेणारा माणूस आला, मी संगंच गेलो. त्यानं चादर काढली अन् माझं डोकंच फिरलं. उशाशी हळदीकुंकवाची पाच बोटं, पाणी घालून लावलेली, फोमपर्यंत उतरलेली. नवी वस्तू घरात आली, पुजल्याबिगर तिच्यावर पाठ टेकायची कशी? डाग म्हणजे घाण, एवढंच मावशीला ठाऊक. मी त्या माणसापुढं हात जोडले. त्यानं फोटो काढला, डाग म्हणून नोंद केली आणि गेला. त्याचंही काही चुकलं न्हाई, नियम माझ्याच जाहिरातीत होता.

मी म्हणालो, मावशी, दुकानातली कडक गादी आणून टाकतो, पैशाचं बघू नंतर.

“नगं,” ती म्हणाली. “सून रोज फोनवर पलंग बघती. दुसरी गादी दिसली तर अंगदला वाटंल, त्यानं दिलेलं आईला आवडलं न्हाई.”

तेवढ्यात अंगदचाच व्हिडिओ कॉल आला. सत्यशीलानं चादर सारखी केली. मावशी पलंगाच्या काठाला कशीबशी टेकली.

“आई, मऊ हाय ना?”

“लई मऊ हाय, बाबा.”

फोन ठेवला तशी तिनं दोन्ही हात पुढं केले. एक सत्यशीलानं धरला, एक मी, आणि आम्ही तिला ओढून उभं केलं.