निशिगंधाने खोडलेलं वजा एक

निशिगंधा माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता ती रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला गणित शिकवते. तिचा नवरा राजेंद्र लोट्याच्या एका कारखान्यात होता. आठवडाभर तिकडे राही, शनिवारी मिरजोळ्याला घरी येई. डिसेंबरातल्या एका शनिवारी घरी येताना एसटीतच त्याचं हृदय बंद पडलं, तो गेला. पुण्यानुमोदनाचा, दिवसांचा विधी झाला आणि निशिगंधा लगेच कामावर हजर झाली.

ती रडली नाही. सासूबाई शालनताई आमटी वाढायला विसरल्या, तर कोरडा भात खाऊन उठे. विचारलं तर म्हणे, "लक्षात नाही आलं."

प्राचार्य हरिश्चंद्र सरांच्याही हे नजरेत आलं होतं. "या सत्रापुरता तुमचा वर्ग दुसऱ्याकडे देतो. विश्रांती घ्या. सोमवारी सांगा," असं ते तिला म्हणाले होते. तिला वर्ग सोडायचा नव्हता. "तिथे मला कुणी कशी आहेस विचारत नाही, बाई. लॉग सोडवा म्हणतात," ती मला म्हणाली.

रविवारी मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती ओसरीवर बसून मुलांच्या वहीची पानं तपासत होती. मुलं पानाचा फोटो काढून पाठवतात, ती मोबाइलवरच बोटाने लाल खुणा करते. एक चांगलं पान नमुना म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकते, आणि बाकीचे ते उतरवून घेतात.

त्या दिवशी वैष्णवीचं पान होतं. फोटोत कोपऱ्याला चादरीची फुलं आली होती. पहिलं गणित घातांकी: ४ चा x वा घात, त्यातून २ च्या x व्या घाताची तिप्पट वजा, त्यातून ४ वजा, बरोबर शून्य. वैष्णवीने २ च्या x व्या घाताला t मानलं होतं. t च्या किमती आल्या ४ आणि वजा १. दोनचा कुठलाही घात ऋण येत नाही, म्हणून वजा १ खोडून तिने x बरोबर २ लिहिलं होतं. निशिगंधाने बरोबरची खूण केली.

खाली लॉगचं गणित, पाया दोन. लॉग (१ − x) अधिक लॉग (३ − x) बरोबर ३. म्हणजे दोन्ही कंसांचा गुणाकार ८. त्यातून x आला ५ आणि वजा १. वैष्णवीने ५ वर काट मारून वजा १ ठेवलं होतं. निशिगंधाचं बोट वरच्या गणितासारखंच खाली गेलं. तिने वजा १ खोडलं, ५ भोवती गोल केला आणि पान ग्रुपवर टाकलं. मी तेव्हा शालनताईंशी बोलत होते.

थोड्या वेळाने फोन वाजला. तिने वाचून तो माझ्यापुढे धरला. वैष्णवीने सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "मॅडम, वजा १ घालून पाहिलं. कंस २ आणि ४ होतात, लॉग १ आणि २, बेरीज ३. ५ घातलं तर कंसच ऋण होतात. माझं काय चुकलं?"

खाली कुणा ओमकारने लिहिलं होतं, "मॅडमना शिकवतेस काय गं?"

"पाचने फसवलं," मी म्हणाले. "वजा चार गुणिले वजा दोन, आठच येतात."

"फसवलं नाही, बाई. मी घालून बघितलंच नाही. वर वजा एक खोडलेलं दिसलं, खालीही खोडलं." आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. "वर ती t ची किंमत होती, इथे x ची."

तिने ग्रुपवर लिहिलं, "वैष्णवीचं बरोबर. चूक माझी, मी ताळा घेतला नाही. उत्तर वजा १. ५ चालत नाही, ऋण संख्येचा लॉग नसतो."

मग तिने सरांना फोन लावला.

"सर, उद्यापासून वर्ग दुसऱ्यांना द्या."

पलीकडून सर म्हणाले, "अहो, एका गणितावरून?"

"त्या मुलीने विचारलं नसतं, तर सगळ्यांनी पाच लिहिलं असतं."

फोन ठेवल्यावर शालनताई उसळल्या. "अगो, तुलाच हवा होता ना तो वर्ग? मग दिलास कशाला? उद्या इथे माझं तोंड बघत बसशील?"

"बसेन," निशिगंधा म्हणाली.

शालनताई पदराने डोळे पुसत आत गेल्या.  माझ्याकडे समजावायला शब्द होते, पण ते निशिगंधापर्यंत पोचले नसते.

अजून काही पानं उरली होती. निशिगंधाने मांडीवर कोरा कागद घेतला, पुढचं पान उघडलं आणि मुलाने काढलेली x ची किंमत मूळ समीकरणात घालून पाहिली. जुळली. मग तिने पुढचं पान उघडलं.