त्यांच्या इकाम्यावरचं सिम

सौदीतल्या यान्बूत मी एका कंत्राटदार कंपनीत नेटवर्क इंजिनियर आहे. समुद्राचं पाणी गोडं करून डोंगराकडच्या गावांना पुरवणाऱ्या एका पाइपलाइनवर आमची पाच पंपिंग स्टेशनं आहेत. स्टेशनवर एक पहारेकरी सोडला तर माणूस नसतो. पंप चालू करणं, बंद करणं, टाकीची पातळी बघणं हे सगळं यान्बूच्या कंट्रोल रूममधून होतं. हे आदेश तिथपर्यंत पोहोचतात ते पाइपलाइनच्या बाजूने पुरलेल्या फायबर केबलमधून आणि तिच्यातल्या एका कुलूपबंद बोगद्यातून. बोगदा म्हणजे दोन राउटरांमधली खाजगी वाट. दोन्ही टोकांना एकच किल्ली, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड. माझं काम ही वाट उघडी ठेवायचं.

वाट एकच होती. ती बंद पडली तर आत जायला दुसरा मार्ग नव्हता. शेवटचं स्टेशन यान्बूपासून गाडीने तीन तासांवर.

हे पहिल्यांदा माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या फील्ड टेक्निशियननी. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. सौदीत त्यांची चोवीस वर्षं झाली होती. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. ही केबल पुरली गेली तेव्हा ते खंदकात उतरून उभे होते.

"साहेब, एक बुलडोझर आला ना, की आपण आंधळे," ते म्हणाले. "मोबाइलवरून दुसरी वाट काढू या."

मी प्रस्ताव लिहिला. मॅनेजरनी वाचला आणि विचारलं, "केबल आजवर कितीदा तुटली?"

"एकदाही नाही."

"मग?"

तो प्रस्ताव तसाच राहिला. पण बंद केलेल्या एका जागेवरून आलेले पाच मोबाइल राउटर गोदामात धूळ खात पडले होते. ते वापरायला मॅनेजर तोंडी हो म्हणाले. प्रश्न सिमचा होता. कंपनीच्या नावाने सिम घ्यायचं तर अधिकृत सहीवाल्या माणसाची मंजुरी लागे, आणि तो रियाधला बसे. आमचा अर्ज रियाधला गेला आणि तिथेच राहिला. चार महिने वाट पाहिल्यावर चाचा एका संध्याकाळी पाच सिम घेऊन आले. स्वतःच्या इकाम्यावर घेतलेली. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. त्याच्याशिवाय इथे सिमही मिळत नाही.

"चाचा, हे बरोबर नाही," मी म्हणालो.

"तात्पुरतं हाय. कंपनीची आली की बदलू."

मी ती घेतली. मनातून मला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुढचे दोन महिने मी त्या कामात जितका आनंदी होतो तितका इथल्या नोकरीत कधी नव्हतो. मोबाइल राउटरला बाहेरून हाक मारता येत नाही, कारण मोबाइल कंपनी त्याला स्वतःचा असा उघड पत्ता देत नाही. म्हणून त्यानेच आतून यान्बूला फोन लावायचा, आपला वेगळा बोगदा उघडायचा आणि तो धरून ठेवायचा. आम्ही त्या बोगद्यातून उलटं आत शिरायचं. मोबाइल राउटरमधून एक केबल मुख्य राउटरच्या कन्सोलला जोडली, म्हणजे मुख्य राउटरचं नेटवर्क पूर्ण बिघडलं तरी त्याच्याशी थेट बोलता येईल. शेवटच्या स्टेशनवर मी अँटेना जवळच्या टॉवरकडे वळवत होतो, तर चाचांनी माझा हात धरला.

"तो नको. त्या टॉवरचा फायबर आपल्याच खंदकात हाय. केबल तुटली तर दोन्ही जातील." मग त्यांनी डोंगरावरचा लांबचा टॉवर दाखवला. "तो बघा, त्याला डिश हाय. तो हवेतून बोलतो."

सिग्नल दोन दांड्यांनी कमी मिळाला, पण वाट खरोखर वेगळी झाली. नंतर मी यान्बूत बसलो आणि त्यांनी तिकडे फायबरची वायर उपटली. माझ्या पडद्यावर मुख्य वाट लाल झाली. मी मोबाइलच्या बाजूने शिरलो आणि काळ्या पडद्यावर राउटरचं नाव उमटलं. फोनवर मी ओरडलोच. ते हसत होते.

पुढच्या वर्षी कंत्राटाचं नूतनीकरण झालं आणि त्यात फील्ड टेक्निशियनची जागाच नव्हती. चाचांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी जायचा परवाना, मिळाला. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि एकच गोष्ट सांगितली.

"साहेब, सिम बदला. मी गेलो की माझा इकामा रद्द, आणि सिमही आज ना उद्या बंद."

"बदलतो," मी म्हणालो.

मी त्याच दिवशी रियाधला पुन्हा मेल पाठवली. पंधरवड्याने आठवण करून दिली. नंतर महिन्याने. काही आठवड्यांनी एका सकाळी पाचही मोबाइल बोगदे एकामागून एक लाल झाले. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत राहिला. ऑपरेटर वैतागला, म्हणाला, "यार, इसका कुछ करो." मी त्या पाच अलार्मसमोर 'माहीत आहे, काम चालू' अशी खूण केली आणि आवाज बंद केला. काम चालू नव्हतं. अर्ज रियाधला होता. फायबर तर व्यवस्थित होती.

फायबर शेवटपर्यंत व्यवस्थितच राहिली. बुलडोझर आलाच नाही.

ऑगस्टमध्ये सुरक्षा विभागाचा आदेश आला की सगळ्या बोगद्यांच्या किल्ल्या बदला. चार स्टेशनं झाली. पाचव्याला, त्या शेवटच्या स्टेशनला, मी सकाळी दहाला हात घातला. आधी तिकडच्या राउटरला सांगून ठेवलं की दहा मिनिटांत मी थांबवलं नाही तर स्वतःहून पुन्हा सुरू हो, म्हणजे काही चुकलं तरी तो जुन्या किल्लीवर परत येईल. नवी किल्ली दोन्हीकडे टाकली. पाच मिनिटं बघितलं. बोगदा उभा होता. मी ते पुन्हा सुरू होणं रद्द केलं आणि बदल कायमचा जतन केला.

बोगदा उभा होता तो जुन्या किल्लीवर ठरलेल्या मुदतीपर्यंतच. मी तो मुद्दाम पाडून नव्याने उभा करून बघायला हवा होता. आजवर प्रत्येक नव्या मुलाला मी हेच शिकवलं आहे. साडेअकराला मुदत संपली, दोन्ही राउटरांनी नवी किल्ली ताडून पाहिली आणि ती जुळली नाही. तिकडे चिकटवताना किल्लीच्या शेवटी एक रिकामी जागा गेली होती. राउटरच्या लेखी तीही एक अक्षरच. हे मला कळलं ते तिथे पोहोचल्यावर.

पडदा लाल झाला. माझा हात सवयीने मोबाइलच्या बोगद्याकडे गेला. तिथेही लाल. त्या क्षणी मला रियाध आठवलं नाही की मॅनेजर आठवले नाहीत. चाचांचं 'बदला' तेवढं ऐकू आलं.

पहारेकऱ्याला फोन करून राउटर बंद-चालू करायला सांगण्यात अर्थ नव्हता. चूक मीच जतन केली होती. कंट्रोल रूमचा आदेश अर्धा तास आला नाही की तिकडचे पंप सुरक्षेसाठी आपोआप थांबतात. बाराला पंप थांबले. टाकी त्या दिवशी आधीच खाली होती. मी लॅपटॉप आणि केबल घेतली आणि गाडी काढली.

तीनच्या सुमारास पोहोचलो. पहारेकरी सुदानी होता, शांत माणूस. त्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. कपाट उघडलं तर मोबाइल राउटरवर सिमचा दिवा लाल. बाकी सगळं जागच्या जागी होतं, चाचांच्या हाताने लावलेल्या नावाच्या पट्ट्यांसकट. मुख्य राउटरला लॅपटॉप जोडून ती रिकामी जागा काढायला मला चार मिनिटं लागली. पंप घरघरले. पण रिकामी झालेली लाइन भरून गावातल्या वरच्या घरांपर्यंत पाणी जायला दोन तास तरी लागणार होते.

मी बाहेर आलो तर फाटकाशी एक म्हातारे गावकरी उभे होते. गावाच्या सगळ्यात वरच्या टोकाला त्यांची कोंबड्यांची शेड होती. त्यांनी मला हाताने यायची खूण केली आणि मी गेलो. शेडच्या भिंतीला गवताच्या जाड पट्ट्या होत्या. त्यांवरून पाणी झिरपतं आणि पंखा आत गार हवा ओढतो. पट्ट्या कोरड्या ठणठणीत होत्या. पंखे चालू होते आणि बाहेरची आग आत ओढत होते. जमिनीवर कोंबड्या पंख पसरून, चोच उघडी ठेवून पडल्या होत्या. कोपऱ्यातल्या थोड्या अजून धापा टाकत होत्या. म्हाताऱ्यांनी एक उचलली, हातात तोलली, पुन्हा खाली ठेवली.

"इन्त मुहंदिस?" त्यांनी विचारलं. इंजिनियर तूच का?

"ऐवा." म्हणजे हो.

"तूच दुरुस्त केलंस?"

"ऐवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासाठी अल्लाहकडे खैर मागितली. माझ्या तोडक्यामोडक्या अरबीत 'बिघडवलंही मीच' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू मेल तर केल्या होत्यास ना?" केल्या होत्या. तेवढंच केलं होतं.

चौकशी तीन दिवसांत संपली. मी कागद पुढे ठेवले: प्रस्ताव, अर्ज, आठवण करून देणाऱ्या मेल. मॅनेजरनी ते बाजूला सरकवले नाहीत, नीट वाचले. मग म्हणाले, "म्हणजे जो माणूस आता कंपनीत नाही, देशात नाही, त्याच्या नावाची सिम आपल्या यंत्रणेत होती." अहवालात हाच मुख्य दोष ठरला. किल्लीचा एका ओळीत उल्लेख झाला. उपाय असा ठरला की विनापरवाना बसवलेले पाचही मोबाइल राउटर काढून टाकायचे.

"सर, मग दुसरी वाट?"

"प्रस्ताव पाठव. रियाध बघेल."

ते राउटर मीच काढले. एका आठवड्यात पाच स्टेशनं. शेवटच्या स्टेशनवर अँटेना उतरवताना वरच्या शेडकडे नजर गेली. दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

त्याच शुक्रवारी चाचांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. गावी काही काम मिळत नाही म्हणाले, मुलगा कतारला जायचं म्हणतोय. मग विचारलं, "आपली दुसरी वाट चालतेय ना, साहेब?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सिम, किल्ली, कोंबड्या, अहवाल. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे सगळं माझ्या नावावर आलं म्हणायचं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, मी मदत करतोय."

"चाचा, तुमची चूक नाही. चूक माझी."

"असू द्या," ते म्हणाले, आणि नमाजाला जायचंय म्हणून फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मी दोनदा केला. मुलाने उचलला, अब्बा झोपलेत म्हणाला.

प्रस्ताव मी पुन्हा पाठवला आहे. त्यात सगळं आहे: कंपनीच्या नावाची सिम, लांबचा टॉवर, दर महिन्याला मुख्य वाट मुद्दाम बंद करून घ्यायची चाचणी, आणि सिम कोणाच्या नावावर आहे ते लिहायचा रकाना. तो रियाधला आहे. तोवर शेवटच्या स्टेशनचा कुठलाही बदल मी इथून करत नाही. पहाटे फजरच्या अजाननंतर निघतो, तिथे राउटरसमोर बसून काम करतो आणि परत येतो. मॅनेजर म्हणाले, हेही चालेल. सहा तासांचा प्रवास. वाटेत फायबरच्या खुणेचे पिवळे खांब लागतात, ते मी मोजत नाही.