पट्टी संपली तिथे चंद्र फुगला

विज्ञानाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘जुळणी सर’ म्हणत. त्यांचा कुठलाच प्रयोग कधी फसत नसे. गंमत म्हणजे कॉलेजातल्या प्रयोगशाळेपासून त्यांना एकच सवय होती: उत्तर आधी पाहायचं आणि मग मोजमापं त्याच्या मापाची शिवायची.

त्यांच्या तात्पुरत्या नोकरीवर कायमचा शिक्का बसायचा की नाही, हे मात्र त्या संध्याकाळच्या पाठावर ठरणार होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरच्या छपरावर पूर्ण चंद्र नुकताच चढला होता.

कृती साधी होती. मीटरपट्टीचं एक टोक डोळ्याखाली गालावर टेकवायचं. जोडीदाराकरवी तिच्यावरून दहा मिलिमीटरचं बटण पुढे सरकवायचं आणि चंद्र त्याच्यामागे जेमतेम झाकला की थांबायचं. बटणाच्या रुंदीला त्याच्या डोळ्यापासूनच्या अंतराने भागायचं आणि चंद्राच्या सरासरी अंतराने, म्हणजे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरने, गुणायचं. चंद्राचा व्यास हातात.

वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीने शंभर सेंटिमीटर सांगितलं. उत्तर आलं तीन हजार आठशे चाळीस. पुस्तकात तीन हजार चारशे चौऱ्याहत्तर.

गच्चीवर आणलेल्या फळ्यावर सरांचा खडू थबकला. बटण नऊ मिलिमीटरचं लिहिलं की काम फत्ते. बाई मराठीच्या, त्यांना काय कळणार? दहाचा आकडा पुसायला बोट पुढे गेलंसुद्धा.

“सर, चंद्र झाकून वर बटण उरत होतं,” मुलगी म्हणाली. “पण पट्टीच संपली.”

इतकी वर्षं सरांची पट्टी उत्तरापाशीच संपत आली होती. त्यांनी बोट मागे घेतलं, आपल्या बुटाची नाडी सोडली आणि मीटरपट्टीच्या पुढे अर्ध्या मीटरची पट्टी बांधली. बाईंनी घड्याळ पाहिलं. सरांनी ते पाहिलं आणि तरी गाठ पुन्हा आवळली.

मुलीने जोडीदाराकरवी बटण हळूहळू लांब नेलं. काठाभोवती उजेडाची कड डोकावली, तशी किंचित मागे आणलं. एकशे दहा सेंटिमीटर. म्हणजे चंद्राची रुंदी त्याच्या अंतराचा एकशे दहावा भाग: तीन हजार चारशे एक्याण्णव.

“पुस्तकापेक्षा सतरा किलोमीटर जास्त,” बाई म्हणाल्या. बाई हिशेब करत होत्या तर. “हे आता कसं जुळवणार?”

“नाही जुळवणार, बाई. चंद्राची कड नेमकी कुठे झाकली गेली, हे डोळ्याला एवढंच कळतं. ते सतरा आमचे आहेत.”

बाई उठल्या. पहिलं चुकलेलं उत्तरही फळ्यावर तसंच राहू द्या, म्हणाल्या, आणि कायम नोकरीचे कागद घ्यायला सोमवारी ऑफिसात या. सर सैल बूट फरफटवत त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.