पोटभाडेकरू

मला चुका दुरुस्त करायची वाईट खोड आहे. दुकानाच्या पाटीपासून लॅबमधल्या साहेबांच्या मेलपर्यंत मी कुणालाच सोडत नाही. त्यामुळे माझं फारसं कुणाशी जमत नाही, आणि नाही जमलं तरी काही अडत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

कंपनीने सहा महिने गुजरातच्या प्लांटवर जायला सांगितलं, तेव्हा पहिला विचार खोलीचा आला. कंपनीच्या गावी, बिरवाडीत, एकट्या बाईला खोली मिळवताना काय होतं ते मी भोगलं होतं. आडनाव विचारून "कळवतो" म्हणणारे कधीच कळवत नाहीत. घरमालकीण काकींनी मात्र एवढंच विचारलं होतं, "पानी सकाळीच येतं. उठशील ना?" ती खोली मला सोडायची नव्हती.

लॅबमध्ये माझ्या जागी येणार होती ती मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. पहिली शिफ्ट सकाळी सातची, आणि त्या वेळेला पोचवेल अशी एसटी तिच्या वाडीतून नाही. तिलाही तीन घरांतून "कळवतो" ऐकून झालं होतं. एक तारखेला हजर झाली नाही, तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती. माझ्या खोलीत ती राहिली की दोघींचं भागणार होतं. अडचण एकच, आमच्या करारातलं कलम: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येणार नाही.

मी रीतसर अर्ज लिहिला आणि काकींकडे गेले. त्या ओटीवर चिंच फोडत बसल्या होत्या. मी वाचून दाखवायला लागले. 'पोटभाडेकरू' आला आणि त्यांचा हात थांबला.

"कितवा महिना तिला?"

"कुणाला?"

"त्या पोरीला. पोटाशी हाय ना ती?"

मी तोंड उघडायच्या आत त्या बोलायला लागल्या. "आमी मुंबैला भाड्यानं ऱ्हायचो तवा पोट दिसायला लागलं, आनि मालकानं खोली खाली करायला लावली. सातव्यात मी भांडी घेऊन गावाला आले. मी नाय कुनाशी तसं वागायची. ये म्हनावं तिला."

परवानगी मिळाली होती. गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण स्वभाव. शिवाय त्यांच्या त्या आठवणीच्या जोरावर खोटेपणाने खोली घेणं मला जमलं नसतं. म्हटलं, "काकी, तिचं लग्नसुद्धा झालेलं नाही. पोटभाडेकरू म्हणजे भाडेकरूने ठेवलेला भाडेकरू."

"मग मधी पोट कशाला घातलंय?"

मी अर्जातला तो शब्द पुन्हा वाचून पाहिला; पोट होतं खरं.

त्यांनी मुंबईच्या मुलाला स्पीकरवर फोन लावला. तो साफ नाही म्हणाला. "आई, उद्या खोली कुणाच्या ताब्यात आहे तेच कळणार नाही. मॅडमना सोडायची असेल तर सोडू दे." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

काकी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "करारावर अंगठा माझा हाय ना? मग कागद कसा करायचा तेवढं सांग."

तो नाइलाजाने सांगत गेला, मी लिहीत गेले. मुदत सहा महिने, खोलीची जबाबदारी माझीच, मुलीच्या आधार कार्डाची प्रत, पोलीस ठाण्यात तिचीही माहिती. अंगठा उठवण्याआधी काकी म्हणाल्या, "लिव, पोटच्या पोरीवानी ठेवीन."

"असं कागदात लिहीत नाहीत, काकी."

"मग कागदात तुझा शब्द ऱ्हाऊ दे. मी माझा ठेवते."

मुलगी एक तारखेला सातच्या शिफ्टला हजर झाली. काकी तिला रोज हाका मारून उठवतात, हे मला तिच्याकडूनच फोनवर कळायचं. गुजरातेतल्या त्या परक्या गावात, आपली खोली कुणीतरी आपल्यासाठी धरून ठेवली आहे, या विचाराने मला झोप लागायची. माझं कुणावाचून अडत नाही हे माझं म्हणणं तिथे खोटं ठरलं, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

सहा महिन्यांनी परत आले, तर मुलीला लॅबमध्येच कायम केलं होतं आणि खोलीत दुसरी खाट आधीच येऊन पडली होती. पुढचा करार दोघींच्या नावाने करायचा, असं काकींनी मुलाला कळवूनही टाकलं होतं. मी बॅग घेऊन गल्लीत शिरले तेव्हा त्या शेजारणीशी बोलत उभ्या होत्या.

"ही बघ गो," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आली माझी पोटभाडेकरीन."

मुलगी दारातून माझ्याकडे बघत होती, मी आता दुरुस्त करणार म्हणून. शब्द चुकला होता, अर्थही चुकला होता. मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "आले काकी."